मधल्या लेव्हलमध्ये ग्राइंड का वाढतं, आणि एक्सपी कर्व्ह मिनिटांवरून कसा बांधायचा

लक्षणं बहुतेक वेळा सारखीच असतात. खेळाची सुरुवात भराभर सरकते, शेवटच्या टप्प्याबद्दलही कुणाची तक्रार नसते, पण अर्धा खेळ झाला की टेस्टर कुरकुरायला लागतात. 'बार हलतच नाही', 'तेच ते शत्रू किती वेळ मारायचे'. मग कुणीतरी फॉर्म्युल्यातला एक आकडा खाली आणतो, थोडे दिवस शांतता असते, आणि पुढची आवृत्ती आली की तीच तक्रार, त्याच लेव्हलपाशी.

ती परत येते कारण आकडा चुकीच्या ठिकाणी बदललेला असतो. खेळाडूला एक्सपी किती लागतात हे जाणवत नाही. पुढची लेव्हल यायला किती मिनिटं गेली, हे जाणवतं. मिनिटं म्हणजे लागणारे एक्सपी भागिले दर मिनिटाला मिळणारे एक्सपी. फॉर्म्युला फक्त वरचा आकडा ठरवतो. खालचा आकडा शत्रू, क्वेस्ट, चालण्यात जाणारा वेळ, मरून परत येणं या सगळ्यातून तयार होतो आणि त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. ४० लेव्हलचा आरपीजी, चार भाग, प्रत्येक भागात १० लेव्हल. जुना फॉर्म्युला नेहमीचाच: पहिल्या लेव्हलला १०० एक्सपी, पुढे दर लेव्हलला १२ टक्के वाढ. स्प्रेडशीटमध्ये A कॉलममध्ये लेव्हल १ ते ३९ (चाळिसावी शेवटची, तिच्यापुढे काही लागत नाही, म्हणून ओळी ३९च), B मध्ये लागणारे एक्सपी, C मध्ये दर मिनिटाची मोजलेली कमाई आणि D मध्ये मिनिटं:

```
B2: =ROUND(100*1.12^(A2-1),0)
D2: =B2/C2
```

B कॉलमचा आलेख काढलात तर काहीच दिसणार नाही. छान गुळगुळीत वर चढणारी रेघ येते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. आलेख D चा काढायचा. या खेळात D असा आला:

| लेव्हल | लागणारे एक्सपी | कमाई (दर मिनिट) | मिनिटं |
|---|---|---|---|
| १ | १०० | २५ | ४.० |
| १० | २७७ | ५० | ५.५ |
| २० | ८६१ | ९५ | ९.१ |
| २५ | १,५१८ | ९० | १६.९ |
| ३० | २,६७५ | ९५ | २८.२ |
| ३१ | २,९९६ | २२० | १३.६ |
| ३५ | ४,७१४ | ३०० | १५.७ |
| ३९ | ७,४१८ | ४०० | १८.५ |

तिसाव्या लेव्हलला २८ मिनिटं आणि एकतिसाव्याला साडेतेरा. म्हणजे 'मध्ये रटाळ होतं' ही तक्रार मोघम नव्हती, २१ ते ३० या पट्ट्यात कुबड आहे आणि तिचं टोक बरोबर भाग संपतो तिथे आहे. C कॉलम वरून खाली वाचला की कारणही दिसतं. विसाव्या लेव्हलपर्यंत कमाई वाढत गेली, मग दहा लेव्हल जागच्या जागी थांबली, आणि चौथा भाग उघडल्यावर एकदम दुपटीच्या वर उडी मारली. खर्च मात्र त्या दहाही लेव्हल १२ टक्क्यांनी वाढतच होता.

गंमत म्हणजे जुना फॉर्म्युला टोकांना अगदी बरोबर बसतो. कमाई २५ वरून ४०० वर एकसारख्या टक्क्याने गेली असती तर ती दर लेव्हलला सुमारे ७.६ टक्के वाढली असती. खर्च १२ टक्के आणि कमाई ७.६ टक्के, म्हणजे मिनिटं दर लेव्हलला जेमतेम ४ टक्क्यांनी वाढतात आणि ४ मिनिटांपासून साडेअठरापर्यंत सुरळीत पोचतात. फॉर्म्युला लिहिणाऱ्याच्या डोक्यात हेच असणार. त्या हिशोबाने तिसाव्या लेव्हलला कमाई २०७ च्या आसपास हवी होती. प्रत्यक्षात ती ९५ आहे.

आता सगळे करतात तो उपाय करून बघू: १.१२ च्या जागी १.१०. तिसावी लेव्हल २८ वरून १६.७ मिनिटांवर येते, आणि एवढंच बघितलं तर काम झालं असं वाटतं. पण विसावी ६.४ वर आली, एकतिसावी ७.९ वर, आणि एकोणचाळिसावी साडेअठरावरून ९.४ वर. कुबड तशीच उभी आहे, आजूबाजूच्या लेव्हलच्या दुपटीहून उंच. फक्त सगळा डोंगर खाली सरकला, आणि त्यात शेवटच्या टप्प्याचा वेळ निम्मा झाला. घातांकाच्या पायाला हात लावून मधला भाग दुरुस्त होत नाही, कारण तो आकडा सगळ्या लेव्हलना एकत्र हलवतो आणि वरच्या लेव्हलना सगळ्यात जास्त.

नुसत्या टक्क्यांवरून कर्व्ह चांगला की वाईट ते ठरतही नाही. रुनस्केपमध्ये ९९ व्या लेव्हलला एकूण १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि ९२ व्या लेव्हलला त्यातले जेमतेम निम्मे झालेले असतात, म्हणजे साधारण दर सात लेव्हलला दुप्पट. कागदावर भयंकर वाटतं. पण वरच्या लेव्हलला जास्त कमाईच्या पद्धती खुल्या होत जातात, आणि शेवटी प्रश्न भागाकाराचाच राहतो.

आधी C कॉलम नीट मोजा

ही पायरी लोक टाळतात आणि शत्रूचे एक्सपी गुणिले मिनिटाला किती मरतात असा अंदाज लिहून मोकळे होतात. त्या अंदाजात चालणं, दुकान, मरणं, वाट चुकणं काहीच येत नाही, त्यामुळे कमाई खूपच फुगलेली दिसते. त्याऐवजी दर लेव्हल वाढली की एक नोंद लिहून ठेवा: कोणती लेव्हल संपली, तिच्यात किती एक्सपी मिळाले, किती मिनिटं खेळाडू प्रत्यक्ष हालचाल करत होता. आणि जमलं तर एक्सपी शत्रूंकडून किती, क्वेस्टमधून किती, हे वेगळं. ही विभागणी पुढे उपयोगी पडते.

नोंदी `log` नावाच्या शीटमध्ये टाकल्या, A मध्ये लेव्हल आणि D मध्ये एक्सपी भागिले मिनिटं, तर गूगल शीट्समध्ये मुख्य शीटच्या C2 मध्ये एवढंच लागतं:

```
=MEDIAN(FILTER(log!D:D, log!A:A=A2))
```

सरासरी नको, मध्यकच घ्या. एखादा खेळ चालू ठेवून जेवायला जातो, एखाद्याला एक्सपी लुटायची युक्ती सापडते, आणि थोड्या नोंदींमध्ये असे दोनच जण सरासरीचा चेहरा बदलतात. दुसरं असं की वरच्या लेव्हलच्या नोंदी टिकून राहिलेल्या खेळाडूंच्याच असतात. ज्यांनी पंचविसाव्या लेव्हलला खेळ सोडला ते ३५ च्या ओळीत नाहीतच. त्यामुळे तिथली कमाई जरा जास्तच दिसते. शेवटच्या ओळींवर फार बारीक कारागिरी करू नये.

कमाई का थांबली

आपल्या उदाहरणात तिसाव्या लेव्हलच्या ९५ पैकी ६० एक्सपी शत्रूंकडून येत होते आणि ३५ क्वेस्टमधून. शत्रू तिसऱ्या भागाच्या पहिल्या निम्म्यात २२ लेव्हलचे, पुढच्या निम्म्यात २४ चे. आणि खेळात एक नियम होता, बऱ्याच खेळांत असतो: खेळाडू शत्रूपेक्षा जितक्या लेव्हल वर, तितके दर लेव्हलमागे १० टक्के एक्सपी कापायचे. तिसाव्या लेव्हलचा खेळाडू २४ च्या शत्रूला मारतो तेव्हा सहाचा फरक, म्हणजे हातात ४० टक्केच. क्वेस्ट कमी असल्यामुळे लेव्हल चढायला शत्रूच मारावे लागतात, आणि जितकं चढावं तितकं प्रत्येक शत्रूचं मोल घटतं. खेळाडूची अवस्था घाण्याच्या बैलासारखी होते.

शत्रूंचे मूळ एक्सपी वाढवणं हा सरळ उपाय वाटतो, पण मला तो पटत नाही. तिसऱ्या भागातले शत्रू श्रीमंत केले की सोळाव्या लेव्हलचे खेळाडू कडेकडेने तिथे शिरून एकेक शत्रू ओढून मारायला लागतात आणि दुसरा भाग ओस पडतो. त्यापेक्षा कपातीचा दर १० वरून ५ टक्के केला तर फायदा फक्त शत्रूपेक्षा वर गेलेल्या खेळाडूला होतो, खालून येणाऱ्याला काहीच मिळत नाही. तिसाव्या लेव्हलला ४० टक्क्यांच्या जागी ७० टक्के मिळतात: ६० चे १०५ होतात, त्यात क्वेस्टचे ३५, एकूण १४०. पंचविसाव्या लेव्हलला फरक तीनचा, तिथे शत्रूंचे ५६ होते ते ६८ झाले, क्वेस्टचे ३४ धरून १०२. विसाव्या आणि एकतिसाव्या लेव्हलला खेळाडू आपल्याच तोडीचे शत्रू मारत असल्यामुळे तिथे काही हलत नाही.

१४० म्हणजे २०७ नव्हे. मधल्या भागात पुरेशा नव्या क्वेस्ट लिहून कमाई २०७ पर्यंत नेता आली असती तर जुना १२ टक्क्यांचा फॉर्म्युला तसाच ठेवूनही चाललं असतं. मनुष्यबळ असेल तर तोच मार्ग घ्या. नसेल तर उरलेली तफावत खर्चाच्या बाजूने भरून काढावी लागते, आणि इथे फॉर्म्युला नव्याने बांधायचा.

नवा फॉर्म्युला

लागणारे एक्सपी थेट लेव्हलवरून काढायचे नाहीत. आधी त्या लेव्हलला किती मिनिटं लागावीत ते ठरवायचं, मग कमाई किती असते ते, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढे कमाई बदलली तरी मिनिटांच्या आकाराला धक्का लागत नाही.

E मध्ये हवी असलेली मिनिटं: सुरुवात ४, शेवट १८, मध्ये हलका बाक. F मध्ये कमाईची गुळगुळीत रेघ, मोजलेल्या चार खुंट्यांना अडकवलेली: लेव्हल १ ला २५, २० ला ९५, ३० ला १४०, ३९ ला ४००. G मध्ये गुणाकार, दहाच्या पटीत. H मध्ये खरी परीक्षा, म्हणजे नवा खर्च भागिले मोजलेली कमाई.

```
E2: =4+14*((A2-1)/38)^1.3
F2: =IF(A2<=20, 25*(95/25)^((A2-1)/19),
     IF(A2<=30, 95*(140/95)^((A2-20)/10),
     140*(400/140)^((A2-30)/9)))
G2: =ROUND(E2*F2,-1)
H2: =G2/C2
```

C मध्ये आता कपात बदलल्यानंतरचे आकडे हवेत. जुनेच राहिले तर H ला काही अर्थ नाही, आणि ही चूक शीटमध्ये सहज लपते. त्यामुळे जुनी मोजणी वेगळ्या कॉलममध्ये ठेवून द्यावी.

E मधला १.३ हा आकडा मधल्या भागाचा बाक ठरवतो. तो १ केला तर मिनिटांची सरळ रेघ येते आणि विसावी लेव्हल ११ मिनिटांची होते. १.३ ला ती ९.७ होते, २ केला तर ७.५. दोन्ही टोकं मात्र ४ आणि १८ वर घट्ट राहतात, आणि १.१२ च्या आकड्यात नेमकं हेच नव्हतं. फार वाढवू नका. तीन-चारच्या पुढे गेलात तर मधलं सगळं ओझं शेवटच्या पाच-सहा लेव्हलवर जाऊन पडतं आणि तक्रार फक्त पत्ता बदलते.

F मध्ये मोजलेली कमाई जशीच्या तशी का नाही घातली? तशी घातली असती तर तिसाव्या लेव्हलला सुमारे १,९४० एक्सपी लागले असते आणि एकतिसाव्याला ३,१५० च्या आसपास. एका लेव्हलमध्ये बार साठ टक्क्यांनी लांब झालेला खेळाडूला स्पष्ट दिसतो. शिवाय जो हुशार खेळाडू २८ व्या लेव्हलला चौथ्या भागात घुसतो, त्याला जुना स्वस्त खर्च आणि नवी श्रीमंत कमाई असं दोन्ही मिळतं. गुळगुळीत रेघेमुळे खर्चाची उडी बोथट होते. नवा निकाल असा:

| लेव्हल | हवी मिनिटं | नवे एक्सपी | कमाई | येणारी मिनिटं | आधीची मिनिटं |
|---|---|---|---|---|---|
| १ | ४.० | १०० | २५ | ४.० | ४.० |
| १० | ६.२ | २९० | ५० | ५.८ | ५.५ |
| २० | ९.७ | ९२० | ९५ | ९.७ | ९.१ |
| २५ | ११.७ | १,३५० | १०२ | १३.२ | १६.९ |
| ३० | १३.९ | १,९४० | १४० | १३.९ | २८.२ |
| ३१ | १४.३ | २,२५० | २२० | १०.२ | १३.६ |
| ३५ | १६.१ | ४,०४० | ३०० | १३.५ | १५.७ |
| ३९ | १८.० | ७,२०० | ४०० | १८.० | १८.५ |

२१ ते ३० हा पट्टा आधी साधारण तीन तास खात होता, आता दोन तासांच्या आसपास येतो. पहिल्या २० लेव्हलना जवळजवळ हात लागलेला नाही. पंचविसावी लेव्हल ठरवलेल्यापेक्षा दीड मिनिट जास्त घेते. तिथे आणखी एक खुंटी ठोकता येईल, पण टेस्टरच्या नोंदींमधला फरकच याहून मोठा असतो, म्हणून मी सोडून देईन. एकतिसावी ठरवलेल्या १४ ऐवजी १० मिनिटांत होते, तीही तशीच राहू दे. नव्या भागात पाऊल टाकल्या टाकल्या बार पळतो तेव्हा कुणी तक्रार करत नाही. माझा ठोकताळा असा: H हा E पेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वर गेला तर दुरुस्ती, खाली गेला तर आधी तो भागाच्या सुरुवातीला आहे का ते बघायचं.

आणखी एक कॉलम जरूर ठेवा:

```
I3: =G3/G2
```

हा १ च्या खाली कुठेही जाता कामा नये, नाहीतर वरची लेव्हल खालच्यापेक्षा स्वस्त होते. आपल्याकडे तो बहुतेक १.०७ ते १.१६ च्या दरम्यान राहतो. खुंट्यांपाशी, म्हणजे २० आणि ३० ला, तो थोडा बदलतो. तिथे १.२५ च्या वर दिसला तर शेजारच्या दोन खुंट्यांमधला फरक जास्त झालाय असं समजा.

खेळात उतरवताना

फॉर्म्युला कोडमध्ये पुन्हा लिहू नका, G कॉलम सीएसव्ही करून तोच वाचायला द्या. कारण किरकोळ वाटतं पण शोधायला त्रास देतं: बरोब्बर अर्ध्यावर आलेला आकडा शीटचं `ROUND` वर ढकलतं, तर पायथनचं `round` सम आकड्याकडे जातं, `round(2.5)` तिथे 2 देतं. मग शीटमध्ये एक आणि खेळात दुसरंच दिसतं.

सीएसव्ही वाचल्यावर पहिली ओळ तपासा. लेव्हल १ वरून २ ला जायला १०० लागले पाहिजेत. ते लेव्हल २ वरून ३ ला लागत असतील तर सगळा तक्ता एक घर सरकलाय. हे लवकर लक्षात येत नाही, कारण कर्व्हचा आकार तसाच दिसतो, फक्त भागाच्या सीमेवरची सूट एका लेव्हलने उशिरा मिळते.

जुने सेव्ह असतील तर त्यात एकूण एक्सपी साठवलेत की लेव्हल, हे आधी बघा. एकूण एक्सपी साठवले असतील आणि लेव्हल त्यावरून काढली जात असेल, तर नवा तक्ता स्वस्त असल्यामुळे वरच्या लेव्हलचे खेळाडू खेळ उघडल्याबरोबर एक-दोन पायऱ्या वर गेलेले दिसतील. रूपांतर करताना जुन्या तक्त्यावरून लेव्हल आणि बार किती टक्के भरलाय हे काढा, आणि तेच नव्या तक्त्यात बसवा. तिसाव्या लेव्हलला २,६७५ पैकी १,३३८ झाले असतील तर नव्यात १,९४० पैकी ९७०.

मग पुन्हा नोंदी गोळा करा, निदान २० ते ३२ या लेव्हलच्या, आणि C कॉलम ताज्या मध्यकांनी भरा. पुढे कुणी तिसऱ्या भागात क्वेस्ट जोडली किंवा कपातीच्या नियमाला हात लावला की F मधल्या ९५ आणि १४० या दोन खुंट्या आधी तपासायच्या. E ला तोवर कुणी हात लावायचा नाही.